पोलिसांपुढे किती बोलायचं, कुठे थांबायचं

वकीलताई, माझा धाकटा भाऊ आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत बरीच वर्षं क्लार्क आहे. लेखापरीक्षणात बोगस कर्जं निघाली आणि गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत भावाचं नाव नाही, पण साक्षीदार म्हणून हजर राहा अशी आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस त्याला आली आहे. मॅनेजरनं सांगितलं म्हणून कर्जदार समोर नसताना त्यानं काही व्हाउचर भरले आणि ‘तपासले’ म्हणून सह्या केल्या. पैशाला हात लावलेला नाही. वडील म्हणतात, कर नाही त्याला डर कशाला, सगळं सांगून मोकळा हो. त्याचा मित्र म्हणतो, तोंडच उघडू नकोस. पण गप्प राहिला तर तोच चोर ठरेल ना? आणि मला बोलावलं, तर भावाबद्दल काही न सांगण्याचा हक्क मला आहे का?
— एक बहीण, सांगली जिल्हा

ताई, आधी ती नोटीस हातात घ्या आणि वर कोणतं कलम लिहिलं आहे ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल, तर आजच्या घडीला पोलीस भावाला साक्षीदार मानतात. कलम ३५ चं पोटकलम ३ असेल, तर त्याच्यावरच संशय आहे, फक्त अटकेची गरज अजून वाटलेली नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं १६० आणि ४१-अ होती. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलले, पण वकिलांच्या आणि पोलिसांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक येतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा. नुसता फोन आला असेल, किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला असेल, तर लेखी नोटीस रीतसर द्या असं नम्रपणे म्हणता येतं. अशा नोटिसा कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच बजावा, व्हॉट्सअॅपवर नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

नोटीस रीतसर असेल तर भावाने जायचंच. उत्तर न देण्याचा हक्क आणि हजर न राहण्याचा हक्क ही एकच गोष्ट आहे असं समजून माणसं घरी बसतात, आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं. कलम ३५ ची नोटीस पाळली तर साधारणपणे अटक होत नाही, आणि करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं नोंदवावी लागतात. तीच नोटीस पाळली नाही, तर अटकेची वाट कायद्यानेच मोकळी होते. नाव, पत्ता, ओळख सांगायला नकार देणं हेही तसंच अंगाशी येतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे दोन तरतुदी आहेत आणि त्या वेगवेगळ्या माणसांना लागू होतात. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) म्हणतो की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणत्याही व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. हे संरक्षण आरोप असलेल्याला आहे. तुमच्या भावाचं नाव फिर्यादीत नसल्यामुळे तो आज या शब्दांत नीट बसत नाही, आणि इथेच पुष्कळांची समजूत होते की साक्षीदाराला सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. तसं नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० (जुनं १६१) प्रकरणाची माहिती असलेल्या कुणालाही लागू होतं. साक्षीदार असो की संशयित, विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं त्यात बंधनकारक आहे, पण एक अपवाद ठेवून. ज्या उत्तरामुळे त्या माणसावरच फौजदारी आरोप, दंड किंवा जप्ती ओढवण्याचा कल असेल, ते उत्तर देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे घटनेचा अनुच्छेद साक्षीदाराच्या हाती येत नाही तेव्हाही कलम १८० चं पोटकलम २ त्याच्या हाती असतं. भावाने हेच पोटकलम लक्षात ठेवायचं.

हा हक्क चौकीत कसा वापरायचा याचा धडा १९७८ मधल्या नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात आहे. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा गुन्हा दाखल झाला होता आणि कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात त्यांना बोलावून प्रश्नांची लांबलचक लेखी यादी पुढे ठेवण्यात आली. त्यांनी उत्तरं नाकारली. मग उत्तर न दिल्याबद्दलच त्यांच्यावर वेगळी तक्रार झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. हा हक्क कोर्टातल्या पिंजऱ्यापुरता नाही, पोलिसांच्या चौकशीतही तो जागा असतो. ज्या गुन्ह्याची चौकशी चालू आहे त्याच्यापुरताच तो नाही, दुसऱ्या एखाद्या चालू किंवा येऊ घातलेल्या प्रकरणात उत्तर अडकवणारं असेल तरी तो मिळतो. आणि तिसरी, जी लोक सोयीस्करपणे विसरतात: हा हक्क सरसकट नाही. ज्या प्रश्नांत काही धोका नाही त्यांची उत्तरं द्यावीच लागतात. कल्पनेतला, लांबून ओढून आणलेला धोका पुढे करता येत नाही, धोका वाजवी आणि खरा असला पाहिजे. सत्पथी यांच्यावरची ती तक्रार पुढे चालली नाही, पण निर्धोक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील हेही त्यांना सांगण्यात आलं.

म्हणून भावाचा मित्र म्हणतो तसं तोंड शिवून बसणं कायद्यात बसत नाही. उत्तर देणं बंधनकारक असताना विनाकारण नकार देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वडिलांचा सल्लाही मी देणार नाही. भावाने पैसे घेतले नाहीत हे खरं असेल, पण समोर नसलेल्या माणसाच्या व्हाउचरवर ‘तपासले’ म्हणून सही करणं ही फौजदारी कायद्याच्या नजरेत छोटी गोष्ट नाही. बनावट दस्त, खोट्या नोंदी, फसवणुकीचा कट, यांपैकी कशात ती सही बसवता येईल हे त्याला माहीत नाही. तपासी अंमलदाराला माहीत आहे.

आता प्रत्यक्ष चौकशी कशी चालते ते समोर आणा. पहिला प्रश्न असेल, संस्थेत कधीपासून आणि कोणत्या हुद्द्यावर. याचं उत्तर सरळ द्यायचं. कर्ज मंजूर करण्याची पद्धत काय, अर्ज कुणाकडे येतो, शिफारस कोण करतं, मंजुरीची सही कुणाची, रोख कुठून सुटते, हेही सांगायचं. ही माहिती संस्थेच्या उपविधीत आणि कागदपत्रांत आहेच. संचालक कोण, मॅनेजर कोण, सॉफ्टवेअरमध्ये नोंद कोणाच्या लॉगइनने होते, इथपर्यंत साधारण अडचण नसते. पण लॉगइन भावाचं असेल आणि वादातल्या नोंदीही त्याच लॉगइनने झाल्या असतील, तर शेवटचा प्रश्न त्याच्यासाठी निर्धोक राहत नाही. प्रश्न कोणत्या विषयाचा आहे यावर जाऊ नका. उत्तरातून साखळीची एखादी कडी त्याच्या गळ्यात पडते का, एवढंच बघायचं.

मग व्हाउचर समोर टाकून विचारलं जाईल, ही सही तुझी का. इथे तो थांबू शकतो. कर्जदार समोर होता का, नसताना का सही केलीस, इथेही थांबू शकतो. सगळ्यात अवघड प्रश्न असतो तो सोपा वाटणारा: तुला हे करायला कुणी सांगितलं? भावाला वाटेल, मॅनेजरचं नाव सांगितलं की मी सुटलो. पण ‘मॅनेजरने सांगितलं म्हणून मी भरलं’ या एका वाक्यात ‘मी भरलं’ हे आधी आलेलं असतं. मॅनेजरकडे बोट दाखवणारं बहुतेक प्रत्येक उत्तर त्याच्या स्वतःच्या सहीवरून जातं. म्हणून हे उत्तर द्यायचं की नाही हे त्याने चौकीतल्या खुर्चीवर बसून ठरवू नये. आधी वकिलाबरोबर बसून, कागद समोर ठेवून ठरवावं.

नकार द्यायची भाषाही साधी असावी. ‘या प्रश्नाचं उत्तर दिल्यास माझ्यावर फौजदारी आरोप येण्याचा संभव आहे, म्हणून कलम १८० पोटकलम २ प्रमाणे मी उत्तर देत नाही. बाकी प्रश्नांची उत्तरं द्यायला मी तयार आहे.’ एवढंच, आणि हा नकार जबाबात लिहून घ्या असं सांगायचं. ‘आठवत नाही’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नये. नकार हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पण आठवत असताना आठवत नाही म्हणणं हे खोटं आहे, आणि खोट्याला कुठलंही संरक्षण नाही. उद्या त्याच व्हाउचरवर त्याच्या अक्षरात चार नोंदी निघाल्या की त्या ‘आठवत नाही’ मुळे त्याची बाकी सगळी खरी उत्तरंही पडतात. आरोपींचा बचाव करताना मला आरोपीच्या मौनाने कधी एवढं अडचणीत आणलेलं नाही, जेवढं त्याने घाबरून सांगितलेल्या खोट्याने आणलं आहे.

जबाबाबद्दल आणखी एक. पोलिसांनी चौकशीत लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ (जुनं १६२) तसं स्पष्ट सांगतं. वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा, पण सही नाही. सही मागितलीच, तर कोणत्या कागदावर मागतात ते नीट बघा. पंचनामा, जप्तीची यादी, नोटीस मिळाल्याची पोच हे वेगळे कागद असतात, त्यांवर सही होते. कोऱ्या कागदावर कधीही नाही.

इथे तुम्ही रास्त शंका काढाल. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, मग बोललं तर काय बिघडलं? पहिला अर्धा भाग खरा आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ (जुनी २५, २६ आणि २७) म्हणतं की पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. साक्षीदार म्हणून बोलला आणि नंतर आरोपी झाला तरी ती कबुली त्याच्याविरुद्ध येत नाही. पण तपास काही कबुलीवर थांबत नाही. भाऊ म्हणाला की अमुक तीन महिन्यांतले व्हाउचर माझे, की अंमलदार नेमके तेच व्हाउचर उचलतो, हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवतो, त्याच दिवसांच्या रोखवहीचं पान काढतो. कबुली कोर्टात येणार नाही, पण तिच्या बोटाला धरून आलेला सगळा कागद येईल. शिवाय बोलून झाल्यावर साक्षीदाराच्या रकान्यातून तो आरोपीच्या रकान्यात कधी गेला हे त्याला दोषारोपपत्र हाती पडल्यावरच कळतं.

आणि त्या कलम २३ ला एक मोठा अपवाद आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा जेवढा भाग त्या सापडण्याशी थेट जोडलेला आहे तेवढा पुराव्यात येतो. पंचांसमोर लिहिला जातो तो मेमोरंडम पंचनामा याचसाठी. हे किती बारीक कापलं जातं ते मुंबईच्या एका खटल्यात दिसतं. हाजी बंदरावरून रसायनाची तीन पिंपं चोरीला गेली होती. आरोपीने पोलिसांना सांगितलं की, हाजी बंदरावरून १ ऑगस्टला मी काढून नेलेली ती तीन पिंपं कुठे ठेवली आहेत ते मी दाखवतो. पिंपं एका मुसाफिरखान्याच्या आवारात मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते वाक्य मधोमध तोडलं. ‘तीन पिंपं कुठे ठेवली आहेत ते सांगतो’ एवढंच पुराव्यात घेतलं. ‘हाजी बंदरावरून मी काढून नेलेली’ हा भाग बाहेर ठेवला, कारण तो मागची हकीकत सांगतो, शोधाशी त्याचा संबंध नाही. जागा कुणीही ये-जा करावी अशी उघडी होती, म्हणून उरलेला पुरावा पुरला नाही आणि तो माणूस सुटला. पण प्रत्येकाचं नशीब असं उघड्या आवारात पडलेलं नसतं. समजा भावाला अटक झाली आणि तो म्हणाला, कोरे सह्या केलेले अर्ज मी घरच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले आहेत, आणि ते तिथे सापडले, तर ‘घरच्या माळ्यावर ट्रंकेत’ हे शब्द कोर्टात वाचले जातील. त्या जागेची माहिती त्याला होती, एवढं त्यातून सिद्ध होतंच.

तुमच्या प्रकरणात हस्ताक्षराचे नमुने नक्की मागितले जातील, म्हणून त्याबद्दल आधीच सांगून ठेवते. ‘स्वतःविरुद्ध साक्षीदार होणं’ म्हणजे स्वतःच्या डोक्यातली माहिती सांगणं. अंगावरची खूण देणं त्यात येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही रेघ आखली: बोटांचे ठसे, सही, अक्षर यांचे नमुने देणं हा अनुच्छेद २०(३) चा भंग नाही. अक्षर स्वतः निरुपद्रवी असतं, वादातल्या कागदाशी ताडून पाहिल्यावरच त्याला अर्थ येतो. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली दंडाधिकारी सही, अक्षर, ठसे आणि आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात, कारणं नोंदवून अटक न झालेल्या माणसालासुद्धा. तेव्हा भावाने पोलीस ठाण्यात सहज कागदावर अक्षर काढून देऊ नये, दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागावा. आदेश आला की द्यावं. मुद्दाम वेगळं अक्षर काढायचा मोह होतो. हस्ताक्षर तज्ज्ञाच्या ते चटकन लक्षात येतं, आणि त्याची नोंद अहवालात पडते. उलट नार्को चाचणी, खोटं पकडण्याची पॉलिग्राफ चाचणी, मेंदूच्या लहरींची चाचणी यांचं काम डोक्यातलं बाहेर काढणं हेच आहे, म्हणून २०१० च्या सेल्वी निकालाने त्या संमतीशिवाय करायला मनाई केली.

आता तुमचा धास्तीचा प्रश्न, गप्प राहणं म्हणजे कबूल होणं का. नाही. पण कुठे आणि कोणत्या टप्प्यावर गप्प राहिला यावर उत्तर बदलतं, म्हणून मी एकच वाक्य सांगून तुम्हाला सोडणार नाही.

पोलीस चौकशीत दिलेला नकार हा गुन्ह्याचा पुरावा नाही. कोर्टात सरकारी वकील उभे राहून ‘आरोपीने उत्तर दिलं नाही, म्हणून तो दोषी’ असं म्हणू शकत नाहीत. जामिनाच्या टप्प्यावर मात्र ‘आरोपी तपासाला सहकार्य करत नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. त्याला उत्तर तयार ठेवा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की आरोपीने गुन्हा कबूल केला नाही एवढ्यावरून तो सहकार्य करत नाही असं म्हणता येत नाही, आणि कोठडीतली चौकशी काही नुसत्या कबुलीसाठी नसते. बोलावलं तेव्हा हजर राहिला, निर्धोक प्रश्नांची उत्तरं दिली, आदेश आला तेव्हा नमुने दिले, पासपोर्ट जमा केला, हे सहकार्य. म्हणून प्रत्येक हजेरीची तारीख, वेळ आणि पोच जपून ठेवा. अटकपूर्व जामिनासाठी (नवं कलम ४८२) हेच कागद उपयोगी पडतात, आणि तो अर्ज करायचा की थांबायचं हे वकिलाने नोटीस वाचल्याबरोबर ठरवावं, चौकशी झाल्यावर नाही.

खटला उभा राहिलाच, तर आरोपीने साक्षीच्या पिंजऱ्यात जायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. तो गेला नाही म्हणून कुणाला त्यावर भाष्य करता येत नाही आणि त्यातून काही गृहीत धरता येत नाही, असं कलम ३५३ सांगतं. पण शेवटी न्यायाधीश आरोपीला समोर आलेल्या प्रत्येक पुराव्याबद्दल विचारतात, तिथे चित्र थोडं वेगळं आहे. उत्तर न दिल्याबद्दल शिक्षा नाही. तरीही, एखादी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत असू शकते आणि पुरावा त्याच्याकडे बोट दाखवतो, अशा वेळी स्पष्टीकरण नसणं न्यायालय साखळीची जादा कडी म्हणून धरू शकतं. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात घराच्या चार भिंतींत पत्नीचा मृत्यू झाला होता आणि नवऱ्याकडे त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण नव्हतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असंच म्हटलं. हे मौन पुराव्याची जागा घेत नाही, आधी सरकार पक्षाने साखळी उभी करावी लागते. पण भावाच्या व्हाउचरवर त्याची सही तज्ज्ञाने सिद्ध केली, तर ‘तपासले’ याचा संस्थेत खरा अर्थ काय होता, हे त्याने त्या टप्प्यावर सांगायला हवं. चौकीत राखलेलं मौन तेव्हा सोडायचं असतं, आणि तोवर बचावाची बाजू कागदांसह तयार असायला हवी.

एका गोष्टीने मला खरंच काळजी वाटते, कारण ती मी वारंवार पाहते. माणूस पोलिसांपुढे हक्क नीट वापरतो आणि बाहेर सगळीकडे बोलत सुटतो. कलम २३ ची भिंत फक्त पोलिसांपुढच्या किंवा पोलीस कोठडीतल्या कबुलीला आहे. भावाने सहकाऱ्याला पाठवलेला ‘आपण तेव्हा सह्या करायला नको होत्या’ असा मेसेज, संस्थेच्या अध्यक्षांना फोनवर सांगितलेलं, सहकार खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याला दिलेला लेखी खुलासा, हे त्या भिंतीच्या आत नाही. विशेषतः तो खुलासा. निलंबन टाळायला क्लार्क घाईने ‘वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने सह्या केल्या’ असं लिहून देतात आणि तोच कागद दोषारोपपत्रासोबत येतो. भावाने असं काही आधीच दिलं असेल तर वकिलाला लपवू नका, त्याची प्रत मिळवा. आणि यापुढे संस्थेला किंवा सहकार खात्याला काहीही लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा.

पतसंस्थेच्या मोठ्या प्रकरणात पुढे अंमलबजावणी संचालनालय येण्याची शक्यता असते, म्हणून एवढं माहीत असू द्या की ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं आहे. त्यांच्या समन्सवर दिलेला जबाब सही घेऊन लिहिला जातो आणि पुराव्यात येऊ शकतो. तिथलं गणित मी वर सांगितल्यापेक्षा वेगळं आहे. तसं समन्स आलं तर वकिलाशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय जाऊ नका.

वकिलाला चौकशीत सोबत नेता येतं का? अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण पूर्ण वेळ बसवून ठेवण्याचा नाही. साक्षीदारासाठी असं कलम नाही. सत्पथी निकालाचा आधार घेऊन अर्ज करता येतो, आणि न्यायालयं पुष्कळदा वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसू देतात. परवानगी मिळाली नाही तरी वकिलाने बाहेरच्या बाकावर थांबावं. एखाद्या प्रश्नावर अडला तर ‘वकिलाशी बोलून सांगतो’ असं भाऊ म्हणू शकतो.

भाऊ शेवटपर्यंत साक्षीदारच राहिला, तर आणखी एक वळण आहे. कोर्टात साक्ष देताना ‘उत्तराने मी अडकेन’ म्हणून नकार देता येत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम १३७ (जुनं १३२) त्याला उत्तर द्यायला लावतं. त्याच्या बदल्यात, सक्तीने दिलेलं ते उत्तर त्याच्याविरुद्ध कोणत्याही फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तर मात्र त्याचा खटला होतो. म्हणून कोर्टात ‘न्यायालयाने सांगितलं तर उत्तर देईन’ असं म्हणून ती सक्ती नोंदवून घ्यायची असते. पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ चा जबाब द्यायला सांगितलं, तर शपथेवर बोलायचं आहे हे ध्यानात ठेवून आधी वकिलाला विचारा.

आता तुमचं स्वतःचं. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे साक्षीदार म्हणून तुम्हाला राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहायला सांगता येत नाही, अंमलदाराने घरी यायचं. सत्पथी निकालात न्यायालयाने पोलिसांना याच मुद्द्यावर चांगलंच फटकारलं होतं. तुमच्या इच्छेने ठाण्यात गेलात तर गोष्ट वेगळी. पण भावाला वाचवायला गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला नाही. कलम १८० चं संरक्षण ज्याच्या त्याच्यापुरतं असतं. तुमचं उत्तर तुम्हाला अडकवत असेल तरच नकार देता येतो, भाऊ अडकतो म्हणून नाही. त्यामुळे आत्तापासून एक करा. भावाकडून व्हाउचरची हकीकत तपशिलात ऐकू नका. ती त्याने वकिलाला सांगावी, वकिलाला सांगितलेलं कायद्याने झाकलेलं राहतं. बहिणीला सांगितलेलं राहत नाही. वडिलांनाही हेच सांगा. तुम्हाला जे ठाऊकच नाही, ते ठाऊक नाही असं तुम्ही खरं बोलून सांगू शकाल.